घरात कार्यक्रम, आणि पाहुण्यांचे फोन वाय-फायला लागेनात: राउटरकडचे पत्ते संपतात तेव्हा काय करायचं

मावशीच्या घरी कार्यक्रम होता. सकाळी साडेअकराच्या सुमारास मावसभाऊ मला शोधत आला. "दादा, नेट गेलंय का बघ ना. माझ्या फोनवर तर नीट चाललंय, पण आत्ता आलेल्या कुणाचाच फोन लागत नाहीये. पासवर्ड बरोबर टाकतायत, तरी नुसतं गोल फिरत राहतं."

त्याच्या या तीन वाक्यांतच अर्धं निदान होतं. आधी आलेल्यांचं नीट चाललंय, नंतर आलेल्यांचं अडकतंय आणि पासवर्ड बरोबर आहे. नेट गेलं असतं तर सगळ्यांचंच गेलं असतं. पासवर्ड चुकला असता तर फोनने तसं सांगितलं असतं. जुने चालू आणि नवे बंद अशी सरळ फाळणी दिसली, की राउटरकडचे वाटायचे पत्ते संपले असण्याची शक्यता सगळ्यात आधी तपासावी.

हा लेख त्याच एका अडचणीवर आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये कधीच हात न घातलेल्या माणसालाही यातलं सगळं करता येईल. फक्त क्रम सोडू नका, कारण यातला एक उपाय ऐन वेळी चालतो आणि दुसरा आदल्या दिवशीच करावा लागतो. बरेच जण नेमकी इथेच उलटापालट करतात.

## पत्ते संपतात म्हणजे काय

वाय-फायला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाला घरातल्या घरात ओळखता यावं म्हणून एक आयपी पत्ता लागतो, उदाहरणार्थ `192.168.1.112`. हा पत्ता राउटर आपणहून देतो. राउटरमधल्या ज्या सोयीमुळे हे होतं तिला डीएचसीपी म्हणतात. राउटरला एक पट्टा नेमून दिलेला असतो, समजा `192.168.1.100` पासून `192.168.1.149` पर्यंत. नवा फोन आला की त्यातला एखादा रिकामा पत्ता राउटर त्याला देतो. या पट्ट्यात पन्नास पत्ते आहेत. एक्कावन्नावा फोन आला की द्यायला काहीच उरत नाही, आणि राउटर त्या फोनला उत्तरच देत नाही. फोन विचारत राहतो, वाट बघत राहतो, आणि आपल्याला गोल फिरणारं चक्र दिसतं.

पण मावशीकडे त्या वेळी घरात पन्नास फोन वाय-फायवर नव्हतेच. मग पत्ते संपले कसे?

राउटर पत्ता कायमचा देत नाही, ठरावीक मुदतीने देतो. या मुदतीला लीज म्हणतात आणि बऱ्याच राउटरवर ती मुळात २४ तासांची असते. उपकरण घरात असेल तर अर्धी मुदत उलटली की ते स्वतःच राउटरला विचारून मुदत वाढवून घेतं. घराबाहेर पडलेला फोन मात्र "मी निघालो, माझा पत्ता दुसऱ्याला द्या" असं सहसा सांगत नाही. तशी सोय डीएचसीपीत आहे, पण वाय-फायच्या टप्प्याबाहेर गेलेला फोन सांगणार तरी कसा? त्यामुळे आदल्या संध्याकाळी सात वाजता तासाभरासाठी येऊन गेलेल्या माणसाचा पत्ता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत अडकून राहतो. रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखाच हा प्रकार. माणूस तिथे नसतो, पण जागा रिकामीही नसते.

यात आणखी एक गोष्ट भर घालते आणि ती फार थोड्या जणांच्या लक्षात येते. पुष्कळ घरांत राउटर दोन नावांनी वाय-फाय दाखवतो. एक साधं नाव, आणि दुसरं त्याच नावापुढे `5G` लावलेलं. हल्लीचे फोन खाजगीपणासाठी प्रत्येक वाय-फाय नावाला स्वतःची वेगळी ओळख सांगतात. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून ही पद्धत आहे. त्यामुळे एखाद्या पाहुण्याने आधी साधं नाव जोडलं आणि नंतर "हे जास्त वेगाने चालतं" म्हणून दुसरं जोडलं, तर राउटरच्या लेखी घरात दोन वेगळी उपकरणं आली. फोन एकच, अडलेले पत्ते दोन.

## आधी खात्री करून घ्या

जो फोन अडकतोय तो हातात घ्या आणि तो नेमका कुठे थांबतो ते बघा. अँड्रॉइड फोनवर वाय-फायच्या नावाखाली `Obtaining IP address` बराच वेळ दिसतं आणि मग `IP configuration failure` किंवा तत्सम संदेश येतो. शब्द फोनागणिक थोडे बदलतात, पण त्यात `IP` असतंच. आयफोनवर फोन जोडलेला दिसतो. मात्र वाय-फायच्या नावापुढच्या `i` वर टिचकी मारून पाहिलंत तर आयपी पत्त्याच्या जागी `169.254` ने सुरू होणारा आकडा असतो.

हा `169.254` फार उपयोगाचा आहे. पत्ता देणारं कुणी सापडलं नाही, की उपकरण स्वतःच असा एक तात्पुरता पत्ता घेतं. त्यावरून इंटरनेट चालत नाही. हा आकडा दिसला म्हणजे वाय-फायशी जोडणी झाली पण राउटरकडून पत्ता मिळाला नाही, असा सरळ अर्थ. विंडोजच्या लॅपटॉपवर `cmd` उघडून `ipconfig` टाईप केलं, की अडकलेल्या यंत्रावर असं दिसतं:

```
Autoconfiguration IPv4 Address. . : 169.254.83.17
Subnet Mask . . . . . . . . . . . : 255.255.0.0
Default Gateway . . . . . . . . . :
```

आणि नीट चालणाऱ्या यंत्रावर असं:

```
IPv4 Address. . . . . . . . . . . : 192.168.1.112
Subnet Mask . . . . . . . . . . . : 255.255.255.0
Default Gateway . . . . . . . . . : 192.168.1.1
```

दुसऱ्या चौकटीतली शेवटची ओळ लिहून ठेवा. तो तुमच्या राउटरचा पत्ता, पुढे लागणार आहे.

एका गोष्टीने गोंधळ होऊ शकतो. काही घरांत जुन्या पद्धतीच्या पत्त्यांबरोबर आयपीव्ही६ चे पत्तेही मिळत असतात आणि ते संपायचा प्रश्न नसतो. अशा घरात अडकलेल्या फोनवर काही अ‍ॅप चालतात आणि काही मुळीच उघडत नाहीत. "अर्धवट नेट" अशी तक्रार आली तरी वरची तपासणी करून बघा.

फोन जर पत्त्यापर्यंत पोहोचतच नसेल, म्हणजे जोडताना लगेच नकार येत असेल किंवा `Authentication` असा शब्द असलेला संदेश येत असेल, तर अडचण वेगळी आहे. एकतर पासवर्ड चुकतोय, नाहीतर राउटरच्या वाय-फायनेच एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा गाठली आहे. त्या मर्यादेबद्दल पुढे सांगतो.

## राउटर उघडा आणि दोन याद्या शेजारी ठेवा

ज्याचं नेट चाललंय अशा फोनवर किंवा लॅपटॉपवर ब्राउझर उघडा आणि वरच्या पट्टीत मघाशी लिहून घेतलेला राउटरचा पत्ता टाका, म्हणजे `192.168.1.1` किंवा तुमच्याकडे जो असेल तो. नाव आणि पासवर्ड विचारला जाईल. कधी बदलला नसेल तर तो राउटरच्या मागच्या किंवा खालच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, हे लक्षात असू द्या.

आत गेल्यावर `DHCP` हा शब्द शोधा. बहुतेक वेळा तो `LAN` किंवा `Network` या भागात असतो, काही ठिकाणी `Advanced` मध्ये. तिथे दोन गोष्टी बघायच्या: पट्टा कुठून कुठपर्यंत आहे आणि मुदत किती आहे. पट्ट्यासाठी `Start IP Address` आणि `End IP Address` असे रकाने असतात. काही राउटर शेवटाऐवजी एकूण संख्या विचारतात. मुदतीचा रकाना `Lease Time` या नावाने असतो. काहीही बदलायच्या आधी या पानाचा फोटो काढून ठेवा. हे मी कळकळीने सांगतोय. घाईत आधी काय होतं ते आठवत नाही आणि मग चूक निस्तरायला दुप्पट वेळ जातो.

आता याद्या. `DHCP Client List` किंवा तशाच नावाची एक यादी असते. राउटरने कुणाकुणाला पत्ते दिलेत आणि प्रत्येकाची किती मुदत उरली आहे, ते तिथे दिसतं. दुसरी यादी `Wireless` च्या भागात असते. त्यात या क्षणी वाय-फायला खरोखर जोडलेली उपकरणं असतात. या दोन याद्यांतली तफावत म्हणजे अडून राहिलेले पत्ते.

मावशीकडे पट्टा `192.168.1.100` ते `192.168.1.149` असाच होता, मुदत २४ तास. पहिल्या यादीत पन्नास ओळी होत्या, म्हणजे पट्टा काठोकाठ भरलेला. दुसऱ्या यादीत फक्त तीस. टीव्ही आणि टेबलावरचा संगणक वायरने जोडलेले होते, ते धरून बत्तीस. म्हणजे अठरा पत्त्यांवर कुणीच नव्हतं.

मग आम्ही ओळीओळीने हिशोब लावला. घरची उपकरणं तेरा. आदल्या संध्याकाळी तयारीसाठी अठरा जण येऊन गेले होते. त्यांतल्या सात जणांचे फोन दोन्ही नावांना जोडले गेले होते, म्हणून त्यांचे मिळून पंचवीस पत्ते. तेरा आणि पंचवीस, अडतीस. कार्यक्रमाचा दिवस उजाडला तेव्हा मुख्य पाहुणे यायच्या आधीच पन्नासातले अडतीस पत्ते गेले होते आणि उरले होते फक्त बारा. ते बारा दहा फोनांनीच संपवले, कारण त्यातले दोघे पुन्हा दोन्ही नावांना जोडले होते. आदल्या दिवशीच्या अठरांपैकी नऊ जण त्या सकाळी हजर होते. त्यांचे पत्ते अजून त्यांच्याच नावावर होते, म्हणून त्यांना काही जाणवलं नाही. अकरावा नवा फोन आला आणि गोल चक्र सुरू झालं.

## ऐन वेळचा उपाय: पट्टा रुंद करा

पाहुणे दारात असताना करण्यासारखा खरा उपाय एकच, पट्टा वाढवणं. ज्या घरात `Subnet Mask` चा आकडा `255.255.255.0` आहे तिथे पत्त्याचा शेवटचा आकडा १ ते २५४ असू शकतो. त्यातला एक राउटरचा स्वतःचा, बहुतेक वेळा १. बाकीचे वापरता येतात. म्हणजे पन्नासचा पट्टा ही कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेली संख्या आहे, तुमच्या राउटरची मर्यादा नव्हे.

मात्र सरळ २ ते २५४ करून टाकू नका. आधी घरात कुणाला हाताने कायमचा पत्ता दिलेला आहे का ते शोधा. प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, वाय-फाय पसरवणारा दुसरा डबा, या गोष्टींना तो बहुधा बसवणाऱ्याने दिलेला असतो. रुंद केलेल्या पट्ट्यात असा पत्ता आला तर राउटर तोच पत्ता एखाद्या फोनला देऊन बसू शकतो. मग एकाच पत्त्यावर दोन उपकरणं, आणि दोघांचंही थांबत थांबत चालतं. ही चूक शोधायला फार जड जाते, कारण कार्यक्रम संपल्यावर चार दिवसांनी "कॅमेरे मधूनच बंद पडतात" अशी तक्रार येते आणि तिचा या बदलाशी संबंध कुणी जोडत नाही. प्रिंटरचा पत्ता त्याच्या स्वतःच्या पडद्यावर किंवा त्याने छापलेल्या सेटिंगच्या पानावर मिळतो. रेकॉर्डरचा त्याच्या `Network` भागात.

मावशीकडे प्रिंटर `192.168.1.200` वर होता आणि रेकॉर्डर `192.168.1.210` वर. म्हणून आम्ही वरच्या बाजूला न जाता खालच्या बाजूला पसरलो. सुरुवात `192.168.1.20`, शेवट `192.168.1.199`. एकूण १८० पत्ते झाले आणि जुना १०० ते १४९ चा भागही त्याच पट्ट्यात राहिला. हे मुद्दाम केलं. जुना भाग पट्ट्याबाहेर टाकला असता तर आधी जोडलेल्या सगळ्यांना पत्ते बदलावे लागले असते.

`Save` किंवा `Apply` दाबल्यावर बरेच राउटर वाय-फाय क्षणभर बंद करून पुन्हा सुरू करतात, काही तर पूर्ण रीस्टार्ट होतात. एखादी व्हिडिओ कॉलवरची व्यक्ती असेल तर तिला आधी सांगा. वाय-फाय परत आलं की आधीचे फोन आपापले जुने पत्ते मागतात आणि सहसा तेच मिळतात. अडकलेल्या फोनवर वाय-फाय एकदा बंद करून चालू करायचं. लॅपटॉप हट्टाने `169.254` धरून बसला असेल तर:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

बदल खरंच लागू झाला की नाही, हे नव्याने जोडल्या गेलेल्या फोनचा पत्ता सांगतो. मावसभावाने हातात घेतलेल्या पहिल्याच फोनवर `192.168.1.47` आला. जुन्या पट्ट्यात ४७ नव्हताच, त्यामुळे अजून काही तपासायची गरज उरली नाही.

समजा राउटरच्या पानात शिरता येत नाहीये आणि एखाद्याला तातडीने नेट हवं आहे. तेव्हा त्या एका फोनला हाताने पत्ता देता येतो. वाय-फायच्या नावाच्या तपशिलात `IP settings` मध्ये `DHCP` च्या जागी `Static` निवडायचं. पत्ता पट्ट्याबाहेरचा आणि कुणाकडे नसलेला, समजा `192.168.1.240`. `Gateway` मध्ये राउटरचा पत्ता, `DNS` मध्येही तोच. `Prefix length` विचारला तर २४. याने नेट सुरू झालं तर निदानाची आणखी एक खात्रीही होते. पण हा उपाय एक-दोन फोनांपुरताच ठेवा. दहा जणांना हाताने पत्ते देत बसलात तर कुणाला कोणता दिला याचा घोळ होणारच.

## राउटर बंद-चालू केल्याने का भागत नाही

घरात कुणीतरी हे आधीच केलेलं असतं. पुष्कळ राउटर पत्त्यांची यादी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. वीज गेली की ती पुसली जाते आणि अडून बसलेले पत्ते मोकळे होतात. म्हणून थोडा वेळ बरं वाटतं. पण पट्टा तेवढाच असतो, दोन नावांचा घोळ तसाच असतो, आणि तासाभराने तेच चक्र पुन्हा फिरू लागतं. काही राउटर तर यादी जपून ठेवतात, तिथे काहीच फरक पडत नाही.

यात एक बारकी अडचणही आहे. राउटर यादी विसरला तरी वेगळ्या स्विचमधून वायरने जोडलेल्या टीव्हीला राउटर बंद झाल्याचं कळलेलं नसतं. तो आपला जुना पत्ता वापरत राहतो. राउटरला वाटतं तो पत्ता रिकामा आहे. पत्ता देण्याआधी तो कुणी वापरत नाही ना हे बरेच राउटर तपासून घेतात, पण सगळेच घेतात असं धरून चालू नका. रीस्टार्ट केलाच असेल तर अशी वायरवरची उपकरणंही एकदा बंद करून चालू करा.

## आदल्या दिवशीचा उपाय: मुदत कमी करा

सुरुवातीला म्हटलं होतं तो क्रम इथे आहे. मुदत २४ तासांवरून दोन तासांवर आणली, तर बारा वाजता निघून गेलेल्या माणसाचा पत्ता उशिरात उशिरा दोनला मोकळा होतो. पण नवी मुदत फक्त बदलानंतर दिलेल्या पत्त्यांना लागू होते. आधीच २४ तासांसाठी दिलेले पत्ते आपली मुदत पूर्ण करतात. घरातला फोनही मुदत वाढवायला अर्ध्या वेळेला, म्हणजे बारा तासांनी येणार, तेव्हा कुठे त्याला दोन तासांची नवी मुदत मिळणार. म्हणून पत्ते संपल्यावर मुदत कमी करून काहीच हाती लागत नाही. लोक ती कमी करतात, फरक पडत नाही आणि "हे सेटिंग निकामी आहे" म्हणून सोडून देतात. सेटिंगात काही खोट नाही, ते फक्त एक दिवस उशिरा केलेलं असतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, पहिले पाहुणे यायच्या आधी, ती दोन तास करून ठेवा. मावशीकडे हे केलं असतं तर संध्याकाळच्या पाहुण्यांचे पत्ते रात्रीतच मोकळे झाले असते.

रकान्यातलं एकक मात्र नीट बघा. कुठे मुदत मिनिटांत असते, कुठे सेकंदांत, कुठे तासांत. दोन तास म्हणजे १२० मिनिटं, म्हणजे ७२०० सेकंद. सेकंदांच्या रकान्यात १२० टाकलंत तर मुदत दोन मिनिटांची होते आणि घरातलं प्रत्येक उपकरण दर मिनिटाला राउटरकडे येऊ लागतं. अशा वेळी राउटर क्षणभर अडखळला तरी पुष्कळ जणांचे पत्ते एकदम जातात. एक तासाखाली मी स्वतः कधी जात नाही.

## एकच नाव सांगा

पाहुण्यांना दोन नावं दिसू नयेत. राउटरमध्ये `Smart Connect` किंवा `Band Steering` अशा नावाची सोय असेल तर दोन्ही वाय-फायचं एकच नाव करता येतं. फोन स्वतः योग्य ती वाट निवडतो आणि दोन्हीकडे एकच ओळख सांगतो, म्हणून पत्ताही एकच लागतो. एकत्र करताना साधं, `5G` नसलेलं नाव कायम ठेवा. घरातले दिवे, प्लग, कॅमेरे त्याच नावावर बसवलेले असतात आणि ते बदललं तर एकेक पुन्हा जोडत बसावं लागेल.

`Guest Network` सुरू करणं हा आणखी बरा मार्ग, कारण घरचा पासवर्डही सांगावा लागत नाही. पण त्याने पत्त्यांचा प्रश्न सुटेलच असं नाही. काही राउटर पाहुण्यांच्या जाळ्याला वेगळा पट्टा देतात, काही घरच्याच पट्ट्यातून वाटतात. ओळखायची रीत सोपी आहे. एक फोन पाहुण्यांच्या नावाला जोडा आणि पत्ता बघा. तिसरा आकडा घरच्यापेक्षा वेगळा असेल, म्हणजे घरी `192.168.1` आणि इथे `192.168.3` असं काही, तर पट्टा वेगळा आहे. आणि इथेही पाहुण्यांची दोन नावं चालू असतील तर एक बंद करा.

## किती पत्ते लागतील याचा अंदाज

घरची उपकरणं आधी मोजा, अंदाजाने नको, यादीतून मोजा. टीव्ही, दिवे, कॅमेरे धरून आकडा बहुधा मनातल्यापेक्षा जास्त निघतो. मग आदल्या दिवशीचे आणि कार्यक्रमाच्या दिवशीचे पाहुणे मिळून धरा. नाव एकच असेल तर माणशी दीड पत्ता मी धरतो, कारण काहींकडे टॅब किंवा लॅपटॉपही असतो. दोन नावं चालूच ठेवणार असाल तर माणशी दोन. तेरा उपकरणं आणि ऐंशी पाहुणे म्हणजे तेरा अधिक एकशेवीस, एकशे तेहेतीस. १८० च्या पट्ट्यात ते आरामात बसतात.

हिशोब दोनशेच्या पुढे गेला, किंवा सेवा देणाऱ्याने राउटरचं ते पान बंद करून ठेवलं असेल, तर दुसरा राउटर लावा. पहिल्या राउटरच्या `LAN` भोकातून वायर काढून दुसऱ्याच्या `WAN` भोकात घाला. दुसऱ्याचा स्वतःचा पत्ता वेगळ्या रांगेतला ठेवा, जसं `192.168.50.1`. पाहुण्यांना फक्त या दुसऱ्याचं वाय-फाय द्या. त्याच्यामागे शंभर फोन असले तरी पहिल्या राउटरकडचा एकच पत्ता खर्च होतो. वायर चुकून दुसऱ्याच्याही `LAN` भोकात गेली आणि त्याचं डीएचसीपी चालू राहिलं, तर घरात दोन जण पत्ते वाटू लागतात आणि घरच्यांचेही फोन भलतीकडे जातात. लावल्यावर घरच्या वाय-फायवरच्या एका फोनचा पत्ता तपासा, तो पूर्वीच्याच रांगेतला हवा.

आता वाय-फायची ती मर्यादा. पत्ते १८० असले तरी एक घरगुती राउटर १८० फोन एकाच वेळी नीट सांभाळेल असं नाही. हवेतली वाट सगळ्यांनी वाटून घ्यायची असते, आणि काही राउटरवर एका वेळच्या जोडण्यांची संख्या ३२ वगैरे अशी बांधलेलीही असते. हा आकडा `Wireless` च्या भागात दिसला तर वाढवून बघता येतो. पत्ता मिळालाय, आकडा `169.254` नाही, तरी पानं उघडायला वेळ लागतोय, अशी तक्रार असेल तर पत्त्यांच्या सेटिंगला हात लावून उपयोग नाही. तिथे गर्दीच दोन राउटरांत विभागावी लागते.

## कार्यक्रम झाल्यावर

मुदत पुन्हा २४ तास करा. रुंद केलेला पट्टा तसाच राहू द्या, त्याने काही बिघडत नाही आणि पुढच्या वेळी काम वाचतं. कुणाला हाताने पत्ता दिला असेल तर त्या फोनवर `Static` चं परत `DHCP` करा. ते सेटिंग फोनमध्ये त्या एका वाय-फाय नावापुरतंच राहतं, त्यामुळे पाहुण्याला त्याच्या घरी त्रास होणार नाही, पण तो पुन्हा तुमच्याकडे येईल तेव्हा त्याच पत्त्यावर दुसरं कुणी बसलेलं असू शकतं. प्रिंटर आणि रेकॉर्डरचे पत्ते एका कागदावर लिहून राउटरच्या मागे चिकटवा. मावशीकडे तो कागद आता आहे: २०० प्रिंटर, २१० रेकॉर्डर, पट्टा २० ते १९९.